पगारी हसू : वरचा अभिनय आणि आतला अभिनय

२००८ ते २०१२ अशी चार वर्षं मी पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये प्रशिक्षक होते. एका मोबाइल कंपनीचे मराठी आणि हिंदी बोलणारे ग्राहक तिथे तक्रारीसाठी फोन करत. नव्या मुलामुलींना तीन आठवड्यांत तयार करून फ्लोअरवर पाठवायचं, हे माझं काम. पहिला आठवडा संगणकाचा, दुसरा कंपनीच्या योजनांचा आणि तिसरा आवाजाचा. या तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला मी प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटा आरसा ठेवायची. तुळशीबागेत मिळतो तसला, हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा. फोन घेताना त्यात बघायचं. आरशात हसू दिसलं तर ते पलीकडच्याला ऐकू जातं, असं मी सांगायची.

हे खोटं नव्हतं. हसताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात, त्यामुळे घशापासून ओठांपर्यंतची पोकळी किंचित आखूड होते आणि आवाज थोडा उजळ होतो. समोर चेहरा नसतानाही ऐकणाऱ्याला तो फरक कळतो. तेव्हा मी एक शारीरिक क्रिया शिकवत होते आणि ती चालत होती. मात्र आरशात हसणारी मुलगी आतून काय करत होती, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो पडायला एक मुलगी कामावरून जावी लागली. तिच्याकडे येण्याआधी थोडं मागे, अटलांटाला जावं लागेल.

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. वडील परराष्ट्र सेवेत होते. बारा वर्षांची असताना घरच्या एका मेजवानीत ती शेंगदाण्यांची बशी घेऊन पाहुण्यांमध्ये फिरत होती. पाहुणे गेल्यावर आईवडील बसून कोणाच्या हसण्याचा काय अर्थ होता, कोणी नजर का चुकवली, याचा उलगडा करत होते. ते ऐकताना तिला प्रश्न पडला, की आपण शेंगदाण्यांची बशी एका माणसापुढे धरली की एका नटापुढे? १९८३ साली आलेल्या त्यांच्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकाची सुरुवात त्यांनी या आठवणीने केली आहे. ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना आज जगभर जिच्यामुळे ओळखली जाते, ते हे पुस्तक.

पुस्तकासाठी त्या अटलांटातल्या डेल्टा एअरलाइन्सच्या प्रशिक्षण केंद्रात हवाईसुंदरींच्या वर्गांना जाऊन बसल्या. त्यांचा मूळ मुद्दा समजायला एक तुलना पुरते. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये इंग्लंडमधल्या वॉलपेपरच्या कारखान्यात राबणाऱ्या एका लहान मुलाचा दाखला दिला आहे. त्या मुलाचा देह कारखाना वापरत होता. पण त्या मुलाला वॉलपेपर आवडतो की त्याचा तिटकारा आहे, याच्याशी मालकाला कर्तव्य नव्हतं, कारण भिंतीवर लागणाऱ्या कागदात मुलाचं मन दिसत नाही. हवाईसुंदरीचं तसं नाही. ती कॉफी देते तेव्हा देण्याची पद्धत हाच मालाचा भाग असतो. प्रवाशाने तिकिटासोबत थोडी आपुलकीही विकत घेतलेली असते, आणि ती कुठल्या यंत्रातून निघत नाही. ती तिला स्वतःतून काढावी लागते.

इथे एक खुलासा करायला हवा. घरात सासूबाईंसमोर राग गिळणं, मित्राच्या लग्नात उसनं हसणं, यालाही हल्ली ‘भावनिक श्रम’ म्हणतात. घरातली कामं लक्षात ठेवण्यालासुद्धा म्हणतात. हॉकशिल्डनी हा शब्द पगारासाठी कराव्या लागणाऱ्या भावनेपुरता ठेवला होता आणि त्याचा असा पसरट वापर त्यांना मान्य नाही, हे त्यांनी २०१८ मध्ये एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. सासूबाईंपुढे काय दाखवायचं हे ज्याचं त्याला ठरवता येतं, निदान त्यावर भांडता येतं. नोकरीत ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं, त्याला गुण दिले जातात आणि गुण कमी पडले तर पगार कापला जातो.

आता तो दुसऱ्याने ठरवलेला भाव आणायचा कसा? हॉकशिल्डना दोन वाटा दिसल्या. पहिल्या वाटेत आत जे असेल ते असू द्यायचं आणि चेहरा, आवाज, हालचाल तेवढी बदलायची. याला मी वरचा अभिनय म्हणते. दुसऱ्या वाटेत आतल्या भावनेवरच काम करायचं. जे दाखवायचं ते खरोखर वाटेल अशी मनाची तयारी करायची, मग चेहरा आपोआप येतो. हा आतला अभिनय. ही कल्पना त्यांनी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की यांच्याकडून घेतली. नटाने दुःखाचा चेहरा करू नये, आपल्या आयुष्यातली आठवण जागी करावी आणि ‘मी खरंच या जागी असतो तर’ असं स्वतःला विचारावं, ही त्यांची शिकवण नाटकवाल्यांना माहीत असतेच.

आपल्याला हा भेद नवा वाटू नये. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या सात्त्विकाबद्दल भरतमुनी म्हणतात की अश्रू, रोमांच, आवाज फुटणं हे भाव मन एकाग्र केल्याशिवाय येत नाहीत. लक्ष दुसरीकडे असलेल्या नटाला ते साधत नाहीत. कॉल सेंटरमध्ये पाहणारं कोणी नाही, म्हणून आंगिक आणि आहार्य बाद. उरतो वाचिक, आणि सात्त्विकाला लागणारी एकाग्रता मिळणार की नाही, हा तिथला सगळा झगडा असतो. नटाला आणखी एक सोय असते. पडदा पडतो, आणि हा अभिनय होता हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. फोनवरच्या मुलीला पडदा नसतो आणि तिचा अभिनय ओळखला गेला तर तो फसला असं धरतात.

एक कॉल घेऊन पाहू. त्या काळी अगदी रोज येणारा. साताऱ्याकडचे, साठीपुढचे वाटणारे एक गृहस्थ फोन करतात. त्यांच्या बॅलन्समधून तीस रुपये कापले गेले आहेत. कशाचे? कॉलर ट्यूनचे. त्यांनी ट्यून मागितलेली नाही, ट्यून म्हणजे काय हेही त्यांना नीट माहीत नाही. मुलीला पडद्यावर कारण दिसतं. दुसऱ्या कोणाला फोन लावताना गाणं ऐकू आलं, ‘हे गाणं हवं असल्यास स्टार दाबा’ अशी सूचना झाली आणि त्यांचं बोट स्टारवर पडलं. कंपनीच्या लेखी ही मागणी झाली. पैसे परत देण्याचा अधिकार मुलीला आहे, पण कापल्यापासून चोवीस तासांच्या आत तक्रार आली तरच. आज चौथा दिवस आहे. म्हातारबुवा चिडलेत, आवाज चढला आहे, आणि ते ‘तुम्ही सगळे चोर आहात’ असं म्हणत आहेत. कॉल सरासरी १८० सेकंदांत संपवायचा, मध्ये पाच सेकंदांहून जास्त शांतता पडली तर गुण कापायचे, आणि सहानुभूतीला शंभरापैकी पंधरा गुण.

वरच्या अभिनयाने हा कॉल असा जातो. ‘चोर’ शब्दाला मुलीच्या पोटात गोळा येतो, पण ती आरशात बघून ओठ ताणते. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे. मी आपली समस्या समजू शकते.’ दोन्ही वाक्यं छापील आहेत आणि ती म्हणताच पंधरा गुण पदरात पडतात. पुढचा सगळा वेळ ती दोन कामं एकाच वेळी करत असते. एकीकडे नियम समजावून सांगायचा, दुसरीकडे आवाजात राग उतरू नये म्हणून पहारा द्यायचा. फोन ठेवताच तिचा चेहरा पडतो. म्यूटचं बटण दाबून ती शेजारणीला काहीतरी बोलते. हे मी इतक्या वेळा पाहिलं की नुसतं चेहरा किती लवकर पडतो यावरून मी अंदाज बांधायला लागले. वरचा अभिनय करणारीचा चेहरा दिवा मालवल्यासारखा एका क्षणात जातो. आतून वाटलेलं हसू असेल तर ते हळूहळू ओसरतं. दुसरी खूण म्हणजे तासाभराने तिला त्या ग्राहकाविषयी विचारावं. वरचा अभिनय करणारीला बहुधा काही आठवत नाही. ‘तीस रुपयेवाले ना? होते कोणीतरी.’

थोडं विषयांतर होतंय, पण ती छापील वाक्यं मराठी नव्हती, हेही सांगायला हवं. इंग्रजी वाक्यांचं ते मुख्य कार्यालयात झालेलं भाषांतर होतं. ‘मी आपली समस्या समजू शकते’ असं आपल्याकडे कोणी कोणाला म्हणत नाही. मराठी बाई म्हणेल, ‘अहो, तीस रुपये गेले म्हणजे काय, रागच येणार.’ जे वाक्य आपण कधी मनापासून बोललेलो नाही, ते मनापासून बोलता येत नाही. वरच्या अभिनयाची निम्मी सक्ती त्या भाषेतच होती. मुली कधी कधी आपलं वाक्य बोलायच्या आणि तपासणीत त्यांचे गुण जायचे.

तोच कॉल आतल्या अभिनयाने घ्यायचा तर मुलीला ‘चोर’ शब्द ऐकल्यावर चेहऱ्याआधी मनाकडे वळावं लागतं. त्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे लक्ष दुसरीकडे वळवणं. स्वतःला कधी असंच फसवल्यासारखं वाटलं होतं ते आठवायचं, म्हणजे चीड विरते आणि कणव येते. दुसरी म्हणजे समोरच्या घटनेचा अर्थ बदलून घेणं. हा माणूस मला चोर म्हणत नाही, तीस रुपयांत त्याचा महिन्याचा रिचार्ज होतो आणि ते गेल्याने तो घाबरला आहे. डेल्टाच्या वर्गांत हेच शिकवत. विमान म्हणजे तुमचं घर, प्रवासी म्हणजे दिवाणखान्यातले पाहुणे असं माना, आणि जो आरडाओरडा करतो त्याच्या आयुष्यात नुकतंच काही भयंकर घडलं असेल असं धरून चाला. तिथल्या एका प्रशिक्षिकेला असा एक प्रवासी खरोखर भेटला होता. सगळ्यांवर ओरडणाऱ्या त्या माणसाचा मुलगा नुकताच वारला होता. मग पुढे कोणी ओरडलं की ती त्याच्या जागी त्या बापाला बसवायची.

कॉलपुरतं बोलायचं तर फरक लगेच दिसतो. मुलीला पहारा द्यावा लागत नाही, कारण लपवायला आत फारसं काही उरलेलं नसतं. आवाज आपोआप खाली येतो आणि बहुतेक वेळा ग्राहकाचाही येतो. अर्थात पुष्कळ कॉलमध्ये कुठलाच अभिनय लागत नाही, हेही खरं. कोणी गोड बोलतं, मुलीला खरंच बरं वाटतं. पुढच्या अभ्यासकांनी ही तिसरी शक्यता हॉकशिल्डपेक्षा जास्त ठळकपणे मांडली आणि ते योग्यच झालं. सेवेतल्या माणसाचं प्रत्येक हसू उसनं असतं असं मानणं हा त्याचा अपमान आहे.

वरचा अभिनय का थकवतो, याचं एक चांगलं उत्तर प्रयोगशाळेतून आलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना किळस वाटेल अशी शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. काहींना सांगितलं, हे एखाद्या वैद्यकीय माहितीपटासारखं अलिप्तपणे बघा. दोन्ही गटांचे चेहरे तुलनेने शांत राहिले. पण चेहरा दाबणाऱ्यांची किळस कमी झाली नाही, आणि त्यांच्या शरीरात ताणाच्या खुणा उलट वाढल्या. अर्थ बदलून बघणाऱ्यांची किळसच कमी झाली. नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की चेहरा दाबून धरणाऱ्यांना त्या वेळी पाहिलेलं-ऐकलेलं कमी आठवतं. ‘होते कोणीतरी’ म्हणणाऱ्या माझ्या मुली निष्काळजी नव्हत्या. त्यांची स्मरणशक्ती पहाऱ्यावर बसवलेली होती.

२००० साली अलिशिया ग्रँडी यांनी हे धागे जोडले. वरचा अभिनय म्हणजे भावना उमटल्यानंतर तिचा बाहेरचा दरवाजा अडवणं, आणि आतला अभिनय म्हणजे भावना उमटण्याआधीच तिचा रस्ता वळवणं. त्यानंतर नर्सेस, शिक्षक, बँकेतले, हॉटेलातले लोक यांच्यावर इतके अभ्यास झाले की २०११ मध्ये हुल्शेगर आणि शेवे या दोघींनी ९५ स्वतंत्र अभ्यास एकत्र तपासले. चित्र बरंचसं स्पष्ट होतं. वरचा अभिनय जितका जास्त, तितका थकवा आणि कामाविषयीची नाराजी जास्त. आतल्या अभिनयाचा थकव्याशी संबंध फारसा नव्हता, आणि ग्राहक मात्र त्याने अधिक समाधानी होते. यातला बराचसा भाग लोकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभा आहे, त्यामुळे थकलेला माणूस वरच्या अभिनयाकडे वळतो की वरच्या अभिनयाने माणूस थकतो, ही शंका रास्त आहे. पण काळाच्या ओघात तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासांतही वरचा अभिनय आधी आणि थकवा नंतर असा क्रम दिसला. अमेरिकेत बसचालकांनी रोजची नोंद ठेवलेले अभ्यास मला विशेष बोलके वाटतात. ज्या दिवशी प्रवाशांसमोर उसना चेहरा जास्त घालावा लागला, त्या दिवसाची शीण घरी गेली, घरच्यांशी खटके उडाले, झोप बिघडली.

म्हणजे उत्तर सोपं आहे, असं तेव्हा मला वाटलं असतं. आरसे काढून टाका आणि आतला अभिनय शिकवा. खरं तर मी तेच केलं. हॉकशिल्ड तेव्हा वाचलेल्या नव्हत्या, पण अनुभवाने मला कळलं होतं की जी मुलं ग्राहकाची गोष्ट मनात उभी करतात ती टिकतात. मग तिसऱ्या आठवड्यात मी एक खेळ घेऊ लागले. प्रत्येक चिडलेल्या आवाजामागे एक घर कल्पायचं. भिंतीचा रंग कोणता, दारात चप्पल किती, चुलीवर काय आहे. मुलांना तो आवडायचा. व्यवस्थापनालाही आवडला, कारण त्या तुकडीचे सहानुभूतीचे गुण वाढले.

२०११ मध्ये त्या खेळातली सर्वांत हुशार मुलगी भोरकडची होती. तिचा आवाज ऐकून चिडलेली माणसं अक्षरशः शांत व्हायची. साताऱ्याच्या गृहस्थांचा तो कॉल तिनेच घेतलेला. तिने त्यांचं सगळं ऐकलं, नियम सांगितला, पैसे परत मिळणार नाहीत हेही सांगितलं, आणि ट्यून बंद करून दिली. नियमाने इथे काम संपलं. पण तिने त्यांचं घर मनात उभं केलं होतं, ते कॉलबरोबर संपलं नाही. संध्याकाळी सुटल्यावर तिने बसस्टॉपजवळच्या दुकानातून त्या नंबरवर स्वतःच्या पैशाने तीस रुपयांचा रिचार्ज मारला.

दोन दिवसांनी गृहस्थांनी आभार मानायला पुन्हा फोन केला. ‘त्या ताईंनी माझे पैसे परत केले.’ असे कौतुकाचे कॉल आवर्जून ऐकले जातात. पैसे परत केल्याची नोंद संगणकात नव्हती. चौकशी झाली. ग्राहकाचा नंबर कामाबाहेर वापरणं हा माहितीचा गैरवापर, आणि त्याला एकच शिक्षा होती. मूळ कॉलची फेरतपासणी माझ्याकडे आली. नियमाप्रमाणे मी पत्रक भरलं आणि ‘ग्राहकाच्या माहितीची सुरक्षितता’ या रकान्यात अक्षम्य चूक अशी खूण केली. त्या रकान्यात खूण पडली की बाकीचे गुण शून्य होतात. चौथ्या दिवशी ती आली नाही.

नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. हजार मुलांच्या हाती लाखो नंबर असताना तो लागतोच. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. मी तिला माणसाविषयी खरोखर वाटून घ्यायला शिकवलं, आणि जे वाटलं त्याप्रमाणे काही करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. वरचा अभिनय करणाऱ्या मुलीला हा पेच पडत नाही. ती आणि तिचं वाक्य यांच्यात अंतर असतं, ते तिला थकवतं, पण त्याच अंतरात ती सुरक्षितही असते. आतला अभिनय हे अंतर पुसतो. आणि त्या कॉलमध्ये तर बरोबर होते ते ग्राहक. कंपनीला हवी होती ती कणव नियमाच्या कुंपणापर्यंत येऊन थांबणारी होती. माणसाची कणव तशी थांबत नाही, म्हणूनच ती खरी असते.

पुढे समाजशास्त्र शिकताना हॉकशिल्ड वाचल्या तेव्हा कळलं की त्यांची मूळ काळजी हीच होती. प्रश्नावल्या थकवा मोजतात आणि आतल्या अभिनयाला जवळपास निर्दोष सोडतात. हॉकशिल्डचा प्रश्न मालकीचा होता. राग, कणव, भीती या आपल्याला जगाविषयी काहीतरी कळवणाऱ्या खुणा आहेत. कोणी अंगावर ओरडलं तर येणारा राग सांगतो की इथे आपली पायरी ओलांडली जात आहे. नोकरीसाठी तो राग रोज मुळातून वळवत राहिलं तर काही वर्षांनी तो येणंच बंद होतं, आणि आला तर तो आपला आहे की नाही याची खात्री राहत नाही. त्यांना हवाईसुंदऱ्यांमध्ये तीन परी दिसल्या. कामात पूर्ण विरघळणाऱ्या जळून जातात. अंतर राखणाऱ्या स्वतःला ढोंगी समजतात. काही अंतर राखतात आणि स्वतःला दोषही देत नाहीत, पण मग सगळंच नाटक आहे अशी कडवट नजर त्यांना लागते. भोरची मुलगी पहिल्या परीची होती. फ्लोअरवर जुने झालेले बहुतेक तिसऱ्या.

या सगळ्यात काय फरक पाडतं, याविषयी ग्रँडी आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात एक धागा मिळतो. अमेरिका आणि फ्रान्समधल्या कर्मचाऱ्यांची तुलना करताना त्यांना दिसलं की ज्यांना आपल्या कामात स्वतः ठरवण्याची मुभा जास्त, त्यांना भावना सांभाळण्याचा थकवा कमी. तीस रुपयांपर्यंतचा निर्णय त्या मुलीच्या हातात असता, तर तिची कणव दोन बटणांत कामाला लागली असती आणि संध्याकाळी दुकानापर्यंत गेली नसती. तीस रुपयांच्या अधिकारासाठी कंपनीला किती खर्च आला असता ते माहीत नाही, पण एक मुलगी तयार करायला तीन आठवड्यांचा पगार जात होता, हा हिशेब मला ठाऊक होता.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानसेवेवरचे निर्बंध उठले. स्पर्धा वाढली, विमानं भरून जाऊ लागली, एका हवाईसुंदरीच्या वाट्याला येणारे प्रवासी वाढले. दिवाणखान्यातले पाहुणे ही कल्पना तेवढ्या गर्दीत मनात उभीच राहीना. कंपन्यांनी हसण्याची अपेक्षा मात्र कमी केली नाही. तेव्हा हवाईसुंदऱ्यांनी वरच्या अभिनयाचा आसरा घेतला. हसू थोडं कमी रुंद, थोडं लवकर मिटणारं. तो त्यांचा एक प्रकारचा संपच होता. आमच्याकडे २०१२ च्या सुरुवातीला कॉलची वेळ १८० वरून १५० सेकंदांवर आणली. त्याच महिन्यात मला मुलांच्या बोलण्यात फरक ऐकू यायला लागला. माझ्या खेळातली घरं गेली. एक घर मनात उभं करायला काही सेकंद लागतात, आणि नेमके तेच सेकंद काढून घेतले होते. मुलं पुन्हा आरशात बघू लागली. सहानुभूतीचे गुण तेवढेच राहिले, कारण छापील वाक्यं सगळे म्हणतच होते.

नोकरी सोडण्याआधी मी तो साताऱ्याचा कॉल आणखी एकदा ऐकला. ४ मिनिटं १० सेकंदांचा होता, ठरलेल्या वेळेपेक्षा सत्तर सेकंद जास्त. गृहस्थ ‘चोर’ म्हणतात त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये काहीच ऐकू येत नाही. कीबोर्डचा आवाजही नाही. मग ती म्हणते, ‘काका, पेन्शन कितीला येते हो तुमची?’ त्या दोन आवाजांच्या मधली शांतता सहा सेकंदांची आहे. पत्रकावर तिच्यासमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : कॉलमध्ये अनावश्यक शांतता, वजा दोन.